विसर्जन मिरवणुकीला 'तीन लाखांचा जनसागर': आमच्या रस्त्यात तेवढी माणसं मावतात तरी का?

घाटावरचा
मंडळी, एक हिशोब तपासून हवाय. आमचं तालुक्याचं गाव. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात बातमी होती, 'मिरवणुकीला तीन लाखांचा जनसागर'. आता आमची पोरं पुढच्या वर्षी वाटेवर पाण्याची आणि फिरत्या संडासांची सोय करणार आहेत. मागणीच्या अर्जात आकडा लिहायचाय. अध्यक्ष म्हणतात, छापून आलंय, तीन लाख लिही.

मला ते पटेना, म्हणून बसलो. टाकीपासून घाटापर्यंतचा मुख्य रस्ता १४०० मीटर. दुकानाच्या शटरपासून समोरच्या शटरपर्यंत १२ मीटर. म्हणजे १६,८०० चौरस मीटर. खच्चून गर्दीत एका चौरस मीटरला ४ माणसं धरली, तर ६७,२००. तीन लाख बसवायचे तर एका चौरस मीटरात १८ माणसं उभी करावी लागतील. एकावर एक हंड्यांसारखी रचली तरच जमेल.

माझे ६७ हजार बरोबर आहेत का? फक्त गुणाकार नको, पद्धत तपासा.

बाप्पाचा_मावळा
गर्दी मोजायची नसते राव, अनुभवायची असते. आमच्या मंडळापुढेच लाखभर होते. ड्रोनचा व्हिडिओ बघा, मुंगीला जागा नव्हती.

पायवाट
घाटावरचा, तुमची चूक उघड आहे. मिरवणूक काही उभी नसते, ती चालते. ६७ हजार हे एका वेळचे झाले. मिरवणूक किती तास चालली? त्याने गुणा. दर तासाला नवी माणसं येतात.

घाटावरचा
संध्याकाळी ५ ते पहाटे ४. ११ तास. ६७,२०० गुणिले ११ म्हणजे ७ लाख ३९ हजार. दादा, मग पेपरवालाच कमी सांगतोय म्हणायचं! आमच्या अख्ख्या तालुक्यात एवढे लोक नाहीत.

रेखांश
थांबा. पायवाट यांचा मुद्दा अर्धा खरा आहे, पण गुणाकार फसलाय. त्यांच्याकडे येण्याआधी रस्त्याकडे बघू, कारण मुळातले ६७ हजारच फुगलेत.

मी वाहतूक नियोजनात काम करते. पादचारी मोजणं हे आमचं रोजचं काम. घाटावरचा, तुम्ही शटर ते शटर मोजलंत, पण माणसं तिथे उभी राहतात का? दुकानाच्या पायऱ्या, त्यापुढे लावलेल्या दुचाक्या, गटारावरच्या फरशा, भेळेच्या गाड्या, ट्रान्सफॉर्मरचा कठडा. या सगळ्यात १२ मीटरचे किती उरले? आणि दुसरं, मिरवणूक स्वतः किती जागा खाते? ढोलपथकाला दोरीच्या आत मोकळी जागा लागते. ट्रॅक्टर, ट्रॉली, त्यावरच्या स्पीकरच्या भिंती. तिथे माणूस उभाच राहू शकत नाही. मंडळं किती होती आणि एकेकाची लांबी किती, ते सांगा.

घाटावरचा
ताई, १४ मंडळं. पथक साधारण ४० मीटर आणि मागे ट्रॅक्टर-ट्रॉली १० मीटर. रुंदी तुम्ही म्हणता तशी सोडली तर वापरात ९ मीटर उरते. दोन्ही कडेला दीड-दीड मीटर गाड्याच असतात.

रेखांश
मग बघा. १४ मंडळं गुणिले ५० मीटर म्हणजे ७०० मीटर. सगळी मंडळं रस्त्यावर असतात तेव्हा तुमचा निम्मा रस्ता मिरवणुकीनेच भरलेला असतो. तिथे बघ्यांना दोन्ही बाजूंना मिळून ३ मीटरची पट्टी उरते. म्हणजे रस्त्याचे तीन भाग वेगवेगळे धरायचे: मंडळांच्या कडेची पट्टी, दोरीच्या आतलं पथक, आणि दोन मंडळांमधला मोकळा ७०० मीटर रस्ता. प्रत्येकाची दाटी निराळी. ती काय धरायची हा खरा प्रश्न आहे. सरसकट ४ नाही.

बाप्पाचा_मावळा
का नाही ४? चेंगराचेंगरी होत होती. मी स्वतः तिथे होतो.

रेखांश
मावळे भाऊ, तुम्ही होतात म्हणूनच. गर्दीत उभं राहिलं की चारी बाजूंना डोकीच दिसतात. चौरस मीटरला २ माणसं असली तरी डोळ्यांच्या उंचीवरून रस्ता खच्चून भरलेला वाटतो. घरी करून बघा. फरशीवर खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन काढा आणि घरातले चौघे त्यात उभे राहा. खांद्याला खांदा लागतो, हात वर करायला जागा उरत नाही. आता तसे १४०० मीटर कल्पना करा आणि त्यात फुगे विकणारा फिरतोय, बायका पोरांना कडेवर घेऊन पुढेमागे जातायत. ४ ला हे होत नाही. ५-६ च्या पुढे माणूस स्वतःच्या मर्जीने हलत नाही, गर्दी त्याला हलवते. तिथून अपघाताची हद्द सुरू होते.

नलूमावशी
मी आत्ता खरंच करून पाहिलं. मी, सूनबाई, दोन नातवंडं. चौघं मावलो, पण धाकट्याने लगेच पाय दिला माझ्या पायावर 😄 नातवंडांच्या जागी दोन पुरुष असते तर अवघड होतं.

फुटाणे
हर्बर्ट जेकब्ज नावाचे एक अमेरिकन पत्रकार-प्राध्यापक होते. १९६० च्या दशकात बर्कलीत व्हिएतनाम युद्धाविरुद्ध विद्यार्थी जमत, ते त्यांना वरच्या मजल्याच्या खिडकीतून दिसे. खालच्या फरसबंदीवर चौकोन आखलेले होते. त्यांनी काही चौकोनांतली डोकी मोजली आणि चौकोनांच्या संख्येने गुणलं. त्यातून अंदाज निघाला: सैल गर्दीत माणशी १० चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, आणि अगदी घट्ट असेल तर अडीच. म्हणजे चौरस मीटरला साधारण १, सव्वादोन-अडीच आणि सव्वाचार माणसं. पत्रकारितेत अजून हाच ठोकताळा वापरतात. म्हणजे वापरायला हवा. मी २० वर्षं पेपरात काढली. आमच्याकडे मंडळाच्या अध्यक्षाला विचारायचे, मग ठाण्यात विचारायचे, आणि मधला आकडा छापायचा. उपसंपादक रंगात असला तर 'जनसागर'.

घाटावरचा
फुटाणे काका 🙏 पण आमच्या रस्त्यावर चौकोन नाहीत, डांबर आहे.

रेखांश
विजेचे खांब आहेत ना? गच्चीवरून काढलेला फोटो मिळवा. दोन खांब फोटोत पूर्ण दिसायला हवेत. खांबांमधलं अंतर गुणिले रुंदी एवढा तुमचा चौकोन. फोटो मोठा छापून घ्या आणि पेनने एकेका डोक्यावर टिंब देत मोजा. मोबाइलवर बोट ठेवून मोजू नका, चुकतंच. आणि फोटो जितका वरून तितका चांगला. रस्त्याच्या टोकाला उभं राहून काढलेल्या फोटोत मागची डोकी पुढच्यांच्या मागे जातात आणि मधल्या रिकाम्या जागा झाकल्या जातात. बातमीत नेमका तोच फोटो येतो, कारण तो भरगच्च दिसतो.

पायवाट
माझ्या मुद्द्याचं काय? ११ तास?

रेखांश
येते त्याकडे. आधी फोटो येऊ दे.

दिंडीतला_जोशी
इथे वारीचं कुणीच बोलत नाही? आमच्या दिंडीला मुक्कामाच्या गावी दरवर्षी जेवण कमी पडतं, कारण गावकरी आमचा आकडा अंदाजाने धरतात. तुमच्या पद्धतीने पालखी मोजता येईल का? आमची माणसं उभी नसतात, सकाळपासून चालतात.

रेखांश
जोशीकाका, वारीला रस्त्याचं क्षेत्रफळ कशाला? तिथे तर सगळं सोपं आहे. सगळे एकाच दिशेने चालतात आणि एका नाक्यावरून एकदाच जातात. तिथे उभं राहून दर दहा मिनिटांत एक मिनिट मोजायचं. पूर्ण वेळ मोजायची गरज नाही, फक्त थांब्याची मिनिटंही धरायची, नाहीतर आकडा फुगतो. मिनिटाला सरासरी ३४५ माणसं गेली तर तासाला २०,७००. आणि दिंडीला स्वतःची यादी असते, ती मोजणीपेक्षा खरी. जेवणासाठी तीच द्या.

मोजणी पडताळायची झाली तर: ६ मीटर रुंदीचा रस्ता, चौरस मीटरला १.२ माणसं, चाल सेकंदाला ०.८ मीटर. गुणाकार ५.७६, म्हणजे सेकंदाला पावणेसहा माणसं, मिनिटाला ३४५.

पायवाट
मग हाच सूत्र मिरवणुकीला लावा! चौरस मीटरला ४ माणसं, ९ मीटर रुंदी, माणूस चालतो ताशी ४ किलोमीटर. तासाला १ लाख ४४ हजार येतात. तीन लाख दोन तासांत पार.

रेखांश
चौरस मीटरला ४ असताना ताशी ४ किलोमीटर कोण चालतं? पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो. गर्दी दाटते तशी चाल मंदावते, चारला तर नुसतं सरकणं असतं. म्हणून दाटी वाढवत नेली तरी एका नाक्यावरून जाणारी माणसं एका मर्यादेपुढे वाढत नाहीत, उलट कमी होतात. रुंदीच्या दर मीटरला सेकंदाला साधारण १.३ माणसं, ही बरी वरची हद्द. तुमच्या ९ मीटरला तासाला फार तर ४२ हजार, तेही सगळे एका दिशेने, न थांबता, ढोल न वाजवता.

पायवाट
हे पटलं. सूत्र बरोबर, आकडे मी वाट्टेल तसे घातले.

घाटावरचा
फोटो मिळाले! चौकाजवळच्या तिमजली इमारतीच्या गच्चीवरून मित्राने काढलेत, सहा वेळचे, जागा तीच. खांबांमधलं अंतर २५ मीटर धरलं, म्हणजे २२५ चौरस मीटर. ए-३ वर छापून काल रात्री मी आणि बायकोने मोजले.

पावणेसहा: ९६
सव्वासात: २४०
८.४०: ४१२
साडेदहा: ३८८
पाऊण: २०५
अडीच: ७०

८.४० चा फोटो दोघांनी स्वतंत्र मोजला. माझे ४१२, तिचे ४३७. खांद्यावरची पोरं तिने धरली, मी सोडली होती. भांडण मिटलेलं नाही. ४१२ भागिले २२५ म्हणजे १.८. ताई, मला वाटलं होतं ४ येईल. खच्चून भरलेला दिसतोय फोटो, आणि निघाले पावणेदोन-एक!

रेखांश
उत्तम काम. वहिनींचं बरोबर आहे, पोरं धरा, पण फरक सहा टक्क्यांचा आहे, बाकीच्या चुका याहून मोठ्या आहेत. आता ८.४० ची बेरीज. मोकळा रस्ता ७०० गुणिले ९ गुणिले १.८, म्हणजे ११,३४०. कडेच्या पट्ट्या ७०० गुणिले ३, तिथे लोक दाटीने उभे असतात म्हणून ३ धरा: ६,३००. पथकं १४ गुणिले ४० गुणिले ६ मीटर, ढोलवाल्याला दोन चौरस मीटर लागतात म्हणून निम्मं धरा: १,६८०. एकूण १९,३२०. ट्रॉलीवर बसलेले सोडले आहेत.

म्हणजे सर्वात गर्दीच्या क्षणी रस्त्यावर १९ हजार. ६७ नाही, तीन लाख तर नाहीच. कडेचे ३ मात्र माझ्या अंदाजाने आहेत, तुमच्या फोटोत ती पट्टी नाही.

बाप्पाचा_मावळा
१९ हजार?? अपमान आहे हा गावाचा. बाल्कन्यांतले, गल्लीच्या तोंडाशी उभे असलेले, घाटावरचे, त्यांचं काय?

रेखांश
भाऊ, हा मात्र खरा आक्षेप आहे. मी फक्त रस्ता मोजला. घाट वेगळा मोजावा लागेल. गल्लीच्या तोंडांसाठी फोटो हवेत. बाल्कन्या धरायच्या की नाहीत हे तुम्ही ठरवा. मिरवणूक बघणारे हवे असतील तर धरा, रस्त्यावरचे हवे असतील तर नको.

पायवाट
आणि ११ तास?

रेखांश
हो, आता तेच. तुमचं म्हणणं असं की रात्रभर माणसं बदलत राहतात, म्हणून एका क्षणाच्या आकड्याहून एकूण आकडा मोठा. बरोबर. चूक एवढीच की दर तासाला सगळीच माणसं बदलत नाहीत. कोणी तासभर थांबतो, कोणी पहाटेपर्यंत. म्हणून तासांनी गुणून सोडून द्यायचं नाही, एक माणूस सरासरी किती थांबला त्याने भागायचंही.

सहा फोटोंवरून ११ तासांची सरासरी काढली तर तुमच्या चौकोनात २२५ डोक्यांच्या आसपास येते, म्हणजे शिखराच्या साधारण ५५ टक्के. १९,३०० चे ५५ टक्के, म्हणजे सरासरी साडेदहा हजार माणसं. गुणिले ११: सुमारे १ लाख १५ हजार माणूस-तास. सरासरी माणूस अडीच तास थांबला असेल तर एकूण ४६ हजार वेगवेगळी माणसं आली. दोन तास असेल तर ५७ हजार. आता थांबायचा वेळ कसा शोधायचा ते बघा.

घाटावरचा
विचारलं! गावाच्या ग्रुपवर टाकलं, ३० जणांनी उत्तर दिलं. सरासरी साडेतीन तास. म्हणजे ३३ हजार?

रेखांश
हीच खरी अडचण. ग्रुपवर उत्तर कोण देतं? ज्याला मिरवणुकीची हौस आहे तो. 'आलो, आरती झाली, निघालो' असा माणूस लिहीत नाही.

गर्दीत जाऊन विचारलं तरी हीच चूक होते. समजा निम्मे लोक एक तास थांबतात आणि निम्मे चार तास. खरी सरासरी अडीच. पण कोणत्याही क्षणी रस्त्यावर चार तासवाले चौपट सापडतात, कारण ते चौपट वेळ तिथे असतात. तुम्ही विचारलेल्या पाच जणांत चार जण चार तासवाले आणि एक तासाचा. सरासरी येते ३.४. म्हणजे माणसं कमी मोजली जातात, ४६ च्या जागी ३४ हजार. उपाय सोपा आहे: गर्दीत विचारू नका, बाहेर पडणाऱ्याला विचारा. गल्लीच्या तोंडाशी दोन पोरं उभी करा, प्रत्येक दहाव्या माणसाला एकच प्रश्न, 'किती वाजता आलात?'

फुटाणे
वा! हे आमच्या काळात कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. हाँगकाँगला १ जुलैच्या मोर्चाचं दरवर्षी असंच व्हायचं. २०१९ च्या मोर्चात आयोजक म्हणाले साडेपाच लाख, पोलीस १ लाख ९० हजार, आणि पादचारी पुलांवरून मोजणाऱ्या संशोधकांचा आकडा सुमारे २ लाख ६५ हजार.

रेखांश
आणि पोलिसांचा आकडा बहुतेक वेळा शिखराचा असतो, आयोजकांचा एकूणाचा. म्हणजे दोघांना विचारलेले प्रश्नच वेगळे. पण तुम्हीच सांगा, प्रश्न वेगळे असले तरी एकूण आकडा शिखराच्या किती पट असू शकतो, याला थांबण्याच्या वेळेची मर्यादा आहेच. तुमच्या गावच्या बाबतीत दुप्पट-तिप्पट होईल, पंधरापट नाही.

नलूमावशी
बाकी सगळं बरंय, पण अर्जात काय लिहायचं ते सांगा पोराला. पाणी द्यायचंय ना?

रेखांश
मावशी, तुम्ही मूळ प्रश्नावर आणलंत. पाण्यासाठी 'किती माणसं आली' हे नकोच आहे. चार तास थांबणारा चौपट पितो. म्हणून १ लाख १५ हजार माणूस-तास हाच आकडा हवा, थांबण्याचा वेळ माहीत नसला तरी चालतं. संडासांना मात्र रांग शिखराला लागते, तिथे १९ हजार. अर्जात दोन्ही लिहा, तीन लाख कुठेही नको.

बाप्पाचा_मावळा
तुम्ही लिहा १९ हजार. संडास कमी पडले की आमच्याकडे येऊ नका. फ्लेक्सवर आम्ही तीन लाखच टाकणार.

फुटाणे
फ्लेक्सवर टाका हो, फ्लेक्सला कोण फीत लावतंय.

घाटावरचा
फीत म्हणालात म्हणून आज पहाटे फीत घेऊन गेलो, रस्ता रिकामा असताना. ते खांब मी २५ मीटरवर धरले होते. वायरमनच्या म्हणण्यानुसार. मोजले तर २८ निघाले. म्हणजे चौकोन २५२ चौरस मीटरचा आणि दाटी १.८ नाही, १.६. मोकळा रस्ता मग सुमारे १०,३००, एकूण १८,२८०. ताई, कडेची पट्टी अजून तुमच्या ३ वरच ठेवू का, की पुढच्या विसर्जनाला तिचाही फोटो काढू?

रेखांश
फोटो काढा. आणि त्याआधी पुढच्या खांबाचंही अंतर मोजून ठेवा, वायरमनला विचारू नका.